सईचं रिपोर्ट कार्ड

मामी, चारही फोटो नीट दिसले. आधी तुझ्या जिवाला घोर लावणारं 'एबी' बघू. ए आणि बी यांच्या मधली ती ग्रेड नव्हे गं. ॲब्सेंट, म्हणजे गैरहजर. इंग्रजीच्या चाचणीच्या वेळी सई टायफॉईडने झोपून होती ना, तेच ते. पण तिथे दहापैकी शून्य धरलंय, म्हणून एकूण ७१ झाले आणि बी-वन आलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं होतंस का? दिलं असेल तर त्या दहा मार्कांचं काय, हे बाईंना विचारच.

ग्रेडचं गणित सोपं आहे. ९१ पासून पुढे ए-वन, ८१ ते ९० ए-टू, मग दहा-दहाने उतरत बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ३३ ते ४० ला डी आणि त्याखाली ई. गणितात बी-टू म्हणजे ६१ ते ७० मधलं काहीही, म्हणून ग्रेडवर थांबू नकोस, शेजारचे रकाने वाच. पी.टी. ही दहा मार्कांची चाचणी, तिथे ६. एस.ई. म्हणजे तोंडी, प्रकल्प असलं काही, पाचपैकी ४. मोठी परीक्षा ८० ची, त्यात ५२. आणि एन.बी. म्हणजे नोटबुक, वह्या: पाचपैकी २! एकूण ६४. वह्या पुऱ्या असत्या तरी ६७, ग्रेड तीच राहिली असती. पण पोरीने वर्षभर गणिताची वही अर्धवट ठेवली, हे त्या दोन मार्कांनी सांगितलं. मला तिथेच खटकलं.

खालचे चित्रकला, खेळ, शिस्त वेगळे. तिथे ए, बी, सी एवढंच असतं, बी म्हणजे चांगलंच. ते टक्क्यांत धरत नाहीत.

आता शेरे. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे हे कसे लिहितात ते ठाऊक आहे. चाळीस मुलांचे एका बैठकीत, कुणी दुखावू नये म्हणून गोड. 'सॅटिस्फॅक्टरी' वाचून मामा खूश झाला म्हणालीस. शब्दाचा अर्थ समाधानकारक, पण शाळेच्या भाषेत जेमतेम. 'गुड' हे 'व्हेरी गुड'च्या खालचं. 'कॅन डू बेटर' म्हणजे डोकं आहे, कष्ट नाहीत. 'नीड्स टू बी मोअर अटेंटिव्ह' म्हणजे तुझी लेक तासाला गप्पा मारते. आपल्याकडे ते खानदानी आहे. 'प्रमोटेड टू क्लास सेव्हन' म्हणजे सातवीत गेली, बाकी काही नाही.

शनिवारी पालकसभेला जाशील तेव्हा गणिताची वही घेऊन जा आणि नेमकं काय अर्धं राहिलंय ते दाखवायला सांग. मराठीतच बोल, बाई नगरच्याच आहेत म्हणतेस ना. आणि 'एबी'वरून तिला रागावली असशील तर आज काहीतरी गोडाचं कर.