दिवाळीच्या गर्दीत रखडलेल्या पार्सलांबाबत दिलगिरी व सूचना

दिनांक : बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५
स्थळ : कुरिअर काउंटर, पोवई नाका, सातारा

सर्व ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर ते सोमवार, १३ ऑक्टोबर या पाच दिवसांत आमच्या काउंटरवर बुक झालेली २१४ पार्सले ठरलेल्या वेळेत पोहोचलेली नाहीत. ती कोठे आहेत, उशीर का झाला, आता त्यांचे काय होणार आणि आपण काय करायचे, हे सांगण्यासाठी ही सूचना लावली आहे. ज्यांची पार्सले अडकली आहेत त्या प्रत्येकाची आम्ही मनापासून माफी मागतो.

आज सकाळी आम्ही सर्व पार्सले पावत्यांशी ताडून मोजली. त्यांपैकी ८८ पार्सले अजूनही आमच्याच काउंटरमागच्या खोलीत आहेत, १०९ पार्सले पुण्याच्या वर्गीकरण केंद्रात पोहोचून तेथे पुढच्या गाडीची वाट पाहत आहेत, ११ पार्सलांवरील पत्त्याचे लेबल वाचता येत नाही आणि ६ पार्सले मुळात आम्ही घ्यायलाच नको होती. एकही पार्सल गहाळ झालेले नाही. आपल्या पार्सलाची स्थिती संकेतस्थळावर Booked अशी दिसत असेल तर ते आमच्या खोलीत आहे असे समजावे. In Transit दिसत असेल तर ते पुण्यात किंवा पुण्याच्या पुढे आहे. आणि Out for Delivery दिसल्यावरच ते त्या दिवशी घरी येण्याची वाट पाहावी. गेल्या आठवड्यात काही जणांना आम्ही तोंडी ‘निघाले आहे’ असे सांगितले, तेव्हा त्यांतील काही पार्सले प्रत्यक्षात निघालेली नव्हती. असे सांगणे चुकीचे होते.

उशिराचे कारण असे की, एरवी या काउंटरवर दिवसाला साठ-पासष्ट पार्सले येतात आणि संध्याकाळी सातला पुण्याला निघणाऱ्या एकाच गाडीत ती सहज मावतात. शनिवारी, ११ तारखेला, एकाच दिवशी १९० पार्सले बुक झाली. त्यांत फराळाचे डबे आणि आकाशकंदील अधिक होते, आणि अशी खोकी वजनाला हलकी पण आकाराने मोठी असल्यामुळे गाडी वजनाने भरण्याआधी जागेनेच भरते. जादा गाडी वेळेवर मिळाली नाही. त्यातच खंबाटकी घाटातील कोंडीमुळे रविवारची गाडी पुण्यात इतक्या उशिरा पोहोचली की तेथून रात्री सुटणाऱ्या मुंबईच्या गाड्या निघून गेल्या होत्या. घाटातील कोंडी आमच्या हातात नव्हती, हे खरे. परंतु दिवाळी कधी आहे हे कॅलेंडरवर वर्षभर आधीपासून छापलेले असते, आणि जादा गाडी दसरा झाल्याबरोबर ठरवून ठेवायला हवी होती. त्याहून मोठी चूक ही की, खोली भरून पार्सले पायरीवर ठेवण्याची वेळ आली तरीही आम्ही बुकिंग थांबवले नाही आणि सवयीने ‘दोन दिवसांत पोहोचेल’ असेच सांगत राहिलो. ते खरे धरून अनेकांनी लेकीसुनांकडे आणि वसतिगृहातील मुलांकडे फराळ पाठवला. याची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘विलंबास जबाबदार नाही’ असे छापलेले असले, तरी या २१४ पार्सलांच्या बाबतीत त्या ओळीचा आधार आम्ही घेणार नाही.

पुढील व्यवस्था अशी आहे. उद्या, गुरुवारी, सकाळी ११ वाजता एक जादा गाडी थेट पुण्याला निघेल. आमच्या खोलीतील ८८ पार्सलांपैकी २३ पार्सले कराड, इस्लामपूर, सांगली आणि कोल्हापूरची आहेत. नेहमीच्या पद्धतीने ती आधी उत्तरेला पुण्यास जाऊन मग पुन्हा साताऱ्यावरूनच दक्षिणेकडे गेली असती. तो फेरा टाळण्यासाठी दुसरी गाडी उद्या दुपारी थेट त्या मार्गाने जाईल. औषधे आणि कागदपत्रे सर्वांत आधी, त्यानंतर कंदी पेढे व इतर खव्याचे पदार्थ, मग बाकीचा फराळ आणि शेवटी कपडे व वस्तू, असा क्रम आम्ही लावला आहे. ज्यांच्या वस्तू मागे राहतील त्यांनी हे समजून घ्यावे, ही विनंती.

या क्रमाने गेल्यास कराड ते कोल्हापूर या पट्ट्यातील पार्सले शुक्रवारपर्यंत, पुणे व पिंपरी-चिंचवडची शनिवार, १८ तारखेपर्यंत, आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईची सोमवार, २० तारखेपर्यंत पोहोचावीत. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरच्या पार्सलांपैकी काही सोमवारी मिळतील, पण काही भाऊबीजेपर्यंत लांबू शकतात. बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर आणि महाराष्ट्राबाहेरील इतर ठिकाणची पार्सले दिवाळीआधी पोहोचतील असे आम्ही सांगू शकत नाही. ती शुक्रवार, २४ ऑक्टोबरनंतरच मिळतील असे धरून चालावे. मंगळवार, २१ (लक्ष्मीपूजन) आणि बुधवार, २२ (पाडवा) या दोन दिवशी कोठेही घरपोच वाटप होणार नाही.

आपले पार्सल आमच्या खोलीत असेल आणि आपल्याला ते परत हवे असेल, तर आज रात्री ९ पर्यंत किंवा उद्या सकाळी ८ ते १० या वेळेत येऊन न्यावे. बुकिंगचे सर्व पैसे त्याच वेळी, आपण ज्या पद्धतीने दिले होते त्या पद्धतीने, म्हणजे रोख किंवा यूपीआयने, परत दिले जातील. पावती हरवली असली तरी हरकत नाही. बुकिंगच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर आणि ओळखपत्र पुरेल. परत न्यायचे नसेल तर काहीही करण्याची गरज नाही, पार्सल वरील क्रमाने जाईलच. ज्यांनी तातडीच्या सेवेसाठी जादा दर भरला होता, त्यांचा जादा भाग पार्सल पोहोचो वा न पोहोचो परत मिळेल आणि त्यासाठी अर्ज करावा लागणार नाही. पुण्यात असलेली १०९ पार्सले मात्र आता मधूनच परत मागवणे योग्य होणार नाही, कारण परतीच्या प्रवासात ती आणखी अडकतील.

खाद्यपदार्थ उशिरामुळे खराब झाले, तर घेणाऱ्याने खोक्याचा आणि पदार्थाचा फोटो काढून ठेवावा आणि तो पाठवणाऱ्याने आम्हाला शुक्रवार, ३१ ऑक्टोबरपर्यंत दाखवावा. बुकिंगची रक्कम आणि पावतीवर लिहिलेली मालाची किंमत, दोन्ही आम्ही भरून देऊ. घरी केलेल्या अनारशांची किंमत पावतीवर काय लिहिली होती यावरून त्यांचे मोल ठरत नाही, हे आम्हाला कळते. पण आमच्या हातात एवढेच आहे. खव्याचे पदार्थ चार दिवसांहून अधिक काळ खोक्यात राहिले असतील, तर ते वासाला चांगले वाटले तरी खाऊ नयेत, असे घेणाऱ्यांना अवश्य कळवावे.

लेबल न वाचता येणाऱ्या ११ पार्सलांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. चिवडा आणि चकलीच्या डब्यांतील तेल पुठ्ठ्यातून झिरपले आणि लेबलावरची शाई पसरली. ही खोकी एकमेकांवर रचून ठेवल्यामुळे खालच्यांचे जास्त नुकसान झाले, तेही आमच्याच रचण्यामुळे. काल रात्री दोन कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून, फोटो काढून, त्यांतील एक खोके उघडून पाहिले. आत चकलीच्या डब्यावर वहीचा अर्धा कागद दोऱ्याने बांधलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने कोथरूडचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता. त्यावरून ते पार्सल आज नव्या लेबलासह गाडीत जाईल. उरलेली १० खोकी आम्ही उघडलेली नाहीत. ९ ते १३ तारखेदरम्यान फराळ पाठवलेल्या आणि संकेतस्थळावर अजून Booked दिसणाऱ्या ग्राहकांनी कृपया येऊन ती पाहावीत आणि आपले ओळखावे. यापुढेही फराळ पाठवताना डबा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवावी.

ज्या ६ पार्सलांचा वर उल्लेख केला, ती सैन्यातील जवानांच्या नावे ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ या पत्त्यांवर पाठवलेली आहेत. अशा पत्त्यांवर खाजगी कुरिअर जात नाही. तेथे टपाल फक्त भारतीय डाक विभाग आणि सैन्याच्या टपाल सेवेमार्फतच पोहोचते. बुकिंगच्या वेळी हे सांगणे आमचे काम होते आणि गर्दीत ते राहून गेले. या सहाही कुटुंबांना आज आम्ही फोन केले आहेत. त्यांचे सर्व पैसे परत केले जातील, आणि त्यांनी संमती दिल्यास उद्या सकाळी आमचा कर्मचारी ही पार्सले स्वतः टपाल कार्यालयात नेऊन स्पीड पोस्टने पाठवील व त्याचा खर्च आम्ही करू. सीमेवर असलेल्या मुलापर्यंत घरचा डबा दिवाळीनंतर पोहोचणार, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आज आणि उद्या नवीन पार्सलांचे बुकिंग बंद आहे. फक्त औषधे आणि कागदपत्रे घेतली जातील. शुक्रवार, १७ तारखेपासून त्या दिवशीच्या गाडीत मावतील तेवढीच, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ९० पार्सले घेऊ आणि तो आकडा पूर्ण झाला की तशी पाटी दारावर लावू. फटाके, अत्तर, सुटे लायटर व पेट घेणारी कोणतीही वस्तू कोणत्याही परिस्थितीत घेतली जाणार नाही. अमेरिकेला पार्सल पाठवू इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तेथे मिळणारी आयातशुल्काची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे; त्यामुळे शुल्काची चौकशी केल्याशिवाय बुकिंग करू नये.

उशिराचा गैरफायदा घेऊन ‘आपले पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करण्यासाठी पाच रुपये भरा’ असे संदेश काही ग्राहकांना आल्याचे कळले. असा कोणताही संदेश आम्ही पाठवत नाही. अशा संदेशातील लिंक उघडू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

रविवार, १९ तारखेला काउंटर सकाळी ९ ते संध्याकाळी ५, सोमवारी, २० तारखेला दुपारी १२ पर्यंत, आणि भाऊबीजेच्या दिवशी, २३ तारखेला, सकाळी १० ते २ केवळ पार्सल देण्यासाठी व पैसे परत करण्यासाठी उघडे राहील. चौकशीसाठी पावतीवर छापलेल्या नंबरवर फोन करावा. फोन लागला नाही तर काउंटरवरील वहीत पावती क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहून ठेवावा. त्याच दिवशी रात्री ९ पर्यंत आम्ही स्वतः फोन करू. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारी बुकिंगची नोंद आम्ही मागताक्षणी देऊ.

काउंटरवर बसणारी मुले गेले आठवडाभर सकाळी ८ ते रात्री ११ काम करत आहेत. निर्णय त्यांचे नव्हते, माझे होते. राग असेल तर तो कृपया माझ्याकडे व्यक्त करावा. मी रोज संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत काउंटरवर हजर असेन. पार्सलांची नवी स्थिती रोज रात्री ९ वाजता याच सूचनेच्या शेजारी पावती क्रमांकांसह लावली जाईल; पहिली यादी आज रात्री लागेल.

आपला नम्र,
काउंटरचालक
पोवई नाका, सातारा