अनोळखी इसम

बाई आली तेव्हा रात्रीचे पावणेदोन झाले होते. पाठीला झोपलेलं पोर बांधलेलं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ठाण्याच्या पायरीशी येऊन ती थांबली ती थांबलीच.

माने हवालदारांनी टेबलामागूनच हाक मारली, "या ताई, आत या. गारठा आहे बाहेर."

ती आली आणि सरळ फरशीवर बसली. खुर्चीवर बसा म्हणून दोनदा सांगावं लागलं. कविता कॉम्प्युटरवरून उठली, तांब्या भरून आणला. पोरानं झोपेतच पाणी प्यायलं.

"माझ्या मालकाला नेलं वो साहेब. गाडीत घालून नेलं."

बीडकडची टोळी. दसऱ्यानंतर आलेली. कारखान्याच्या उत्तरेच्या फडात चाळीस कोयते होते, त्यातला एक हिचा आणि नवऱ्याचा. उचल एक लाख वीस हजार. चार दिवसांपूर्वी गाडी भरताना मोळी घेऊन शिडीवर चढलेला नवरा पडला. त्याची पाठ धरली. ऊस तोडता येईना, गाडी भरता येईना. गावाकडं जातो, दवाखाना करतो, पुढच्या साली फेडतो, असं तो मुकादमाला म्हणाला. एवढंच म्हणाला. संध्याकाळी पांढरी गाडी कोप्यांपाशी येऊन उभी राहिली.

"किती जण होते?"

"चौघं. मुकादम, दोन पोरं काठ्या घेऊन, आन् दादा."

मान्यांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी कविताकडं बघितलं नाही, पण तिच्या कीबोर्डचा आवाजही थांबला होता.

"दादा म्हणजे?"

"दादा वो. कारखान्याचे. साऱ्यांचे दादा. त्यांनीच मालकाच्या कानाखाली वाजवली. बाकीच्यांनी त्याला मागच्या शिटावर कोंबला. दार दादांनी लावलं. मी दाराला धरलं व्हतं, माझा हात काढला त्यांनी, मग लावलं."

तिनं हात टेबलावर ठेवला. ऊसतोडीचे हात मान्यांनी वीस साल बघितले होते. पानाच्या धारेनं चिरलेले, चिरांमधून रस आणि माती काळी होऊन बसलेली. पण या हाताच्या तीन बोटांची नखं निळी पडली होती आणि मधलं बोट सुजून दुप्पट झालं होतं.

"कुठं नेलं, काही कळलं?"

"खताच्या गोदामाकडं गाडी वळली. पोराला पाठीशी घेऊन पळाले मागं, पर ती काय गवसती? लाख रुपये आन आन् घिऊन जा म्हणले."

तिथून ठाणं सात किलोमीटर. ती चालत आली होती.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माने शिपाई होते. सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत अशा रात्री आल्याच नव्हत्या असं नाही, पण त्या रात्रींना 'साहेबांना विचारतो' हे एक दार होतं. शिपायानं नुसतं ते उघडायचं. आता बाहीवर पट्ट्या होत्या आणि टेबलावर 'ठाणे अंमलदार' अशी पाटी. प्रभारी अधिकारी ठाण्यात नसतील तर शिपायाच्या वरचा जो हजर असेल, तोच प्रभारी. नवे कायदे जुलै 2024 मध्ये लागू झाले, त्याआधीच्या प्रशिक्षणात हे वाचून दाखवलं होतं आणि मान्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. जुनी 154, आता 173. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करायचीच. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2013 मध्येच ते पक्कं करून ठेवलंय. वहीतली ती ओळ मान्यांनी लाल पेनानं अधोरेखित केली होती. परीक्षेला येईल म्हणून.

त्यांनी साहेबांना मोबाइल लावला. पाचव्या रिंगला उचलला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माने, बाईची तक्रार घ्यायचीच. नाही कुठं म्हणतोय मी? मुकादमाचं नाव घ्या, आणि सोबत इतर तीन अनोळखी इसम. बाकीचं तपासात निघेल."

"ती ओळखते, साहेब."

"अंधार होता ना?"

"संध्याकाळ होती."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग, "तसं असेल तर प्राथमिक चौकशी लावू. 173 च्या तीनमध्ये सोय आहे. चौदा दिवस मिळतात."

"ती सोय सात वर्षांच्या आतल्या शिक्षेला आहे, साहेब. डांबून ठेवायला पळवलं, म्हणजे 140 च्या तीनला जातंय. त्याला सात वर्षं आहे. आणि चौदा दिवस तो माणूस..."

"तुम्ही ठाणे अंमलदार आहात. बघा तुम्ही," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं तर त्यात एक सोय होती, आणि ती मान्यांना लगेच दिसली. अनोळखी इसम. ठाण्यातला सगळ्यात जुना शब्द. फिर्याद होते, नंबर पडतो, बाईला प्रत मिळते, कुणी म्हणणार नाही की नोंद केली नाही. फक्त एक माणूस कागदाबाहेर राहतो. मान्यांनी स्वतःच्या हातानं किती वेळा लिहिला असेल हा शब्द! कधी खरंच अनोळखी असायचे. कधी नसायचे.

लँडलाइन वाजला. साहेबांशी बोलून अजून दहा मिनिटं झाली नव्हती.

"माने ना? नमस्कार. दादांकडून बोलतोय. जागरण आज तुमच्याकडं?" आवाज गोड होता, जेवणाचं विचारावं तसा. "वहिनींचं कसं चाललंय? प्रस्ताव आमच्या सचिवांच्या टेबलावरच आहे बघा. या आठवड्यात सही होऊन जाईल म्हणत होते."

माने काही बोलले नाहीत.

"टोळीतलं भांडण आहे, माने. मुकादम आणि त्याचा कामगार. मोठ्यांचं नाव उगीच कशाला त्यात?"

सुनंदा नऊ वर्षं संस्थेच्या शाळेत शिकवत होती. आधीची काही वर्षं फुकट, मग शाळा वीस टक्के अनुदानावर आली, तेव्हापासून नुसती आशा. शालार्थ आयडी मिळाला की पगार सरकारी खात्यातून सुरू होणार होता. त्या प्रस्तावावर सचिवांची एक सही हवी होती. फाइल शिवताना सुनंदानं मागची नऊ वर्षांची हजेरीपत्रकं लावली होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकून. मान्यांनीच दाभणानं भोकं पाडून दिली होती.

त्यांनी फोन खाली ठेवला. बाईकडं बघितलं. पोर तिच्या मांडीवर उताणं झोपलं होतं. दुखऱ्या हातानंच ती त्याचे पाय पदराखाली घेत होती.

"ताई, एक विचारतो. गाडीचं दार लावणारा माणूस अंधारात नीट दिसला नाही, असं होऊ शकतं का?"

विचारलं आणि त्यांनाच कसंतरी झालं. बाईला प्रश्न समजला. ती रागावली नाही, हेच वाईट होतं. असं कुणीतरी विचारणार हे ती सात किलोमीटर धरूनच चालली असावी.

"साहेब, त्यांनी माझा हात धरून काढला. इतक्या जवळून माणूस दिसत नाही व्हय?" मग हळू आवाजात, "तुमाला लिवता येत नसंल तर तसं सांगा. मी दुसऱ्या ठाण्यात जाते. किती लांब हाय?"

माने उठले. बाहेर पायरीपर्यंत गेले. कारखान्याचा धुराडा इथून दिसायचा, मळीचा वास थंडीत जमिनीलगत यायचा. रस्त्यावरून उसाची दोन ट्रॅक्टर-ट्रेलरं जोडीनं गेली, मागं लाल फडकं बांधलेलं. वर बसलेली माणसं घोंगड्यांत गुंडाळलेली. दुसरं ठाणं बावीस किलोमीटर होतं. ती गेली असती. त्याबद्दल मान्यांना शंका नव्हती.

आत येऊन त्यांनी स्टेशन डायरी ओढली. डायरीत पान फाडता येत नाही, ओळ सोडता येत नाही. आधी बाई आल्याची वेळ लिहिली. मग पुढच्या नोंदीला लिहिलं: 02.20 वाजता ठाण्याच्या दूरध्वनीवर अनोळखी पुरुषाचा फोन. दादांकडून बोलत असल्याचे सांगून, फिर्यादीत त्यांचे नाव घेऊ नये असे म्हणाला. ठाणे अंमलदाराच्या पत्नीच्या शाळेतील प्रस्तावाचा उल्लेख केला.

शेवटचं वाक्य लिहिताना हात जड झाला. उद्या ही डायरी साहेब वाचणार होते, परवा उपअधीक्षक. सुनंदानं अजून काहीच वाचलेलं नव्हतं. तिला सकाळी घरी जाऊन सांगायचं होतं. चहाच्या आधी की नंतर, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी नोंदीखाली सही केली.

"कविता, घे फिर्याद. ताई सांगतील तसं. त्यांचेच शब्द ठेव."

"आरोपी किती टाकू, मामा?"

"चार. दोन काठीवाले अनोळखी, ते खरंच तिच्या ओळखीचे नाहीत. मुकादमाचं नाव टाक. आणि एक नंबरला..." त्यांनी दादांचं नाव सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. या ठाण्यात ते नाव रोज घेतलं जायचं. असं पूर्ण, वडिलांच्या नावासकट, मान्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

कविता क्षणभर थांबली. "कलमं?"

"140 चा तीन. 127 चा दोन. मारहाणीला 115 चा दोन. धमकीला 351 चा दोन. 3 चा पाच. आणि वेठबिगारीचा 1976 चा कायदा लाव. उचलीपायी माणूस कोंडलाय. बाईंच्या हाताला मेडिकल यादी दे, एक्स-रे झाल्यावर त्याचं कलम वाढवू."

फिर्याद छापून आली तेव्हा मान्यांनी ती सावकाश वाचून दाखवली. बाई ऐकत होती, ओठ हलवत. "दार दादांनी लावलं" या ओळीला तिनं मान हलवली. कवितानं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"सई करती मी," ती म्हणाली. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तिनं पेन अंगठा आणि तर्जनीत धरलं आणि चार अक्षरं काढली, एकेक, मध्ये थांबत. तिसऱ्या अक्षराला काना द्यायचा राहिला, तो मागाहून दिला.

नाइट राउंडला पीएसआय मॅडम होत्या, नोकरीत दुसरं वर्ष. मान्यांनी सगळं बोलून झाल्यावर गाडी गोदामाकडं पाठवली होती. तीन वाजून पाच मिनिटांनी मॅडमचा फोन आला. आवाज दबका.

"मामा, पोचलोय. शटरला बाहेरून कुलूप आहे. वॉचमन म्हणतो चावी दादांकडं. आत कुणीतरी कण्हतंय."

"तोडा मॅडम."

"तोडते. दोन पंच उभे केलेत." मग थोडं थांबून, "मामा, साहेबांचा आत्ताच फोन येऊन गेला मला. गुन्हा दाखल आहे ना आपल्याकडं? नंबर पडलाय?"

कवितानं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. बाई खुर्चीच्या कडेवर पुढं सरकली होती.

"पडलाय," माने म्हणाले. "लिहून घ्या. शून्य, शून्य, एक, नऊ. दोन हजार पंचवीस."