‘फँड्री’तलं एक दृश्य: गट-सादरीकरणासाठी प्रश्न

बी.ए. तिसरं वर्ष, चित्रपट अभ्यास. प्रत्येक गटाला बारा मिनिटं.

दृश्य सगळ्यांना एकच: नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) मधली डुकराची पकडापकडी, राष्ट्रगीत सुरू होतं तिथपासून शेवटच्या दगडापर्यंत. आधी एकदा आवाज बंद करून बघा, मग पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. कथा सांगत बसू नका. ती वर्गात सगळ्यांना पाठ आहे.

कॅमेरा
1. जब्या, त्याचे घरचे आणि बघे एकाच फ्रेममध्ये कधी येतात, आणि कधी वेगळे ठेवलेत? प्रत्येकी एक फ्रेम थांबवून दाखवा.
2. कॅमेरा बघ्यांमध्ये उभा आहे की डुकरामागे धावणाऱ्यांबरोबर? जागा बदलते तो शॉट नेमका सांगा. ‘लो अँगल म्हणजे ताकद’ हे गाईडातलं उत्तर चालणार नाही.
3. डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज दिसतात. कॅमेरा ती चित्रं बोट दाखवून दाखवतो, की जाता जाता दिसू देतो? फरक काय पडतो?

एडिटिंग
4. राष्ट्रगीताआधीच्या एका मिनिटात कट किती आणि राष्ट्रगीत चालू असताना किती? मोजून आकडे फळ्यावर लिहा. अर्थ त्यानंतर सांगायचा.
5. जब्या थांबतो, घरचे थांबतात, डुक्कर थांबत नाही. हसू येतं ते कोणत्या कटवर? तो कट दोन सेकंद उशिरा आला असता तर हसू राहिलं असतं का?

आवाज
यावर निम्मा वेळ द्या. दरवर्षी गट इथेच घाई करतात.

6. बेळगाव बसस्टँडवर गाड्यांची घोषणा ऐकू येते, बोलणारी बाई दिसत नाही. राष्ट्रगीत इथे तसंच शाळेतून येतं. गाणारी मुलं सतत दाखवली असती तर जब्यावरचा दाब वाढला असता की कमी झाला असता?
7. बघ्यांच्या टोमण्यांपैकी कोणते स्पष्ट ऐकू येतात आणि कोणते गोंगाटात विरतात? कन्नड माध्यमातून आलेल्या आपल्या वर्गमित्रांना सबटायटल बंद करून हा तुकडा ऐकवा. शब्द न कळता त्यांना काय कळलं, ते त्यांच्याच तोंडून वर्गात येऊ द्या; कन्नडमध्ये बोलले तरी चालेल.
8. पार्श्वसंगीत कुठे आहे, आणि असायला हवं असं वाटूनही कुठे नाही?

तिन्ही मिळून
9. दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. त्याआधी कुणाचा चेहरा, त्यानंतर पडद्यावर काय, आणि त्या वेळी कानावर काय? क्रम लिहा. मग सांगा: आतापर्यंत तुम्ही कुणाच्या जागेवरून बघत होता?

खानापूर आणि निपाणीहून येणाऱ्यांची सादरीकरणं आधी घेऊ, म्हणजे बस चुकणार नाही. दृश्याचा तुकडा पेनड्राइव्हवर आणा आणि वर्गातला स्पीकर आदल्या दिवशी तपासा. त्याची डावी बाजू मधूनच बंद पडते.