पंधरा ऑगस्टचं सरपंचांचं भाषण

व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, शाळेचे मुख्याध्यापक आणि गुरुजन, आयाबहिणींनो, शेतकरी बांधवांनो आणि पहाटे उठून प्रभातफेरीला आलेल्या माझ्या बाळगोपाळांनो, सगळ्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा.

पोरांनो, जिलेबी येतेय, गरम आहे. तोवर जरा माझं ऐका.

आपण खटाव तालुक्यातली माणसं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चा निघाला होता. मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढीच मागणी. पुढं वडगावचे परशुराम घार्गे, हातात झेंडा. पोलिसांनी गोळ्या घातल्या, नऊ जण गेले. चालणारे बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे शेतकरी. सप्टेंबर म्हणजे बाजरी निसवायची, राखणीची वेळ. तरी शेत सोडून ते वडूजला गेले.

पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच सातारा जिल्ह्यात गावचे तंटे गावातच मिटवले. इंग्रज असताना लोक आपला कारभार आपण बघत होते. आणि आता? गेल्या ग्रामसभेला कोरमच भरला नाही, तहकूब करावी लागली. कायद्यानं शंभर माणसं नाहीतर पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे तर आत्ता या पटांगणातच उभे आहेत! पाण्याच्या टाकीवरून पारावर भांडणारे त्या सभेला दिसले नाहीत, हे सरपंच म्हणून मी बोलणारच. राग आला तरी चालेल.

आज साडेदहाला इथंच शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा आहे. विषय दोनच मोठे: वरच्या आळीची पाइपलाइन आणि ओढ्यावरच्या बंधाऱ्यातला गाळ. खर्चाचा कागद ग्रामसेवक वाचून दाखवतील. पटला नाही तर उठून विचारा. बायकांनी मागं बसून कुजबुजायचं नाही, पुढं या. हंडा तुमच्या डोक्यावर आहे, तर बोलायचा पहिला मान तुमचा.

शेतकऱ्यांना एक सांगायचंय. ई-पीक पाहणी राहिलीय बऱ्याच जणांची. सातबाऱ्यावर सोयाबीन, घेवडा, बटाटा लागलाच नाही, तर उद्या नुकसान झाल्यावर तलाठ्याच्या नावानं बोटं मोडून उपयोग नाही. पारावर बसून फोटो काढला तर चालत नाही, वावरात उभं राहूनच काढावा लागतो. आठवी-नववीच्या मुलामुलींनो, तुम्हाला मोबाईल आमच्यापेक्षा चांगला येतो. रविवारी आजोबांबरोबर वावरात जा, तेवढं काम करून द्या.

आणि लहानग्यांनो, खिशाला लावलेले कागदी झेंडे घरी न्या. वाटेत चिखलात पडलेला दिसला तर उचला, मग तो कुणाचा का असेना.

आज दोरी आठवीतल्या मुलीच्या हातात होती. पावसानं दोरी फुगलेली, तरी तिनं एका हिसक्यात गाठ सोडवली. तिच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा!

बोला, भारत माता की जय! वडूजच्या हुतात्म्यांचा विजय असो! जय हिंद, जय महाराष्ट्र!

जिलेबी आली बघा. आधी पहिलीची रांग सोडा. मोठ्यांनी खाऊन घरी जायचं नाही, साडेदहाला व्हरांड्यात.