प्रसूती व पितृत्व रजा : कोणाला, किती आणि कधीपासून
(चाकण कारखाना, एचआर विभाग, 2 जून 2025)

कंपनीच्या रजा धोरणातील कलम 7 व 8 मध्ये प्रसूती आणि पितृत्व रजेच्या तरतुदी आहेत. मूळ मजकूर कायद्याच्या भाषेत असून एका नियमासाठी तीन पाने उलटावी लागतात. म्हणून, ज्यांच्या घरी बाळ येणार आहे अशा सहकाऱ्यांसाठी त्या तरतुदी येथे सरळ मांडल्या आहेत.

सर्वप्रथम आपली वेतनस्लिप पाहावी. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते (वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये), त्यांना प्रसूतीचा आर्थिक लाभ कंपनीकडून नव्हे, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालखंडांत मिळून किमान 70 दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. रजा मात्र कंपनीकडेच मागायची असते. अनेक जणी येथेच गोंधळतात आणि कंपनीच्या खात्यातून पैसे येण्याची वाट पाहत बसतात.

इतर सर्व महिला कर्मचाऱ्यांना कायद्यानुसार कंपनीकडून प्रसूती लाभ मिळतो. अट एकच आहे : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे. कायम, प्रोबेशनवरील किंवा कंत्राटदारामार्फत आलेली, असा भेद या अटीत नाही. पगारी सुट्ट्याही या 80 दिवसांत धरल्या जातात.

समजा, एखादी सहकारी 7 जुलै 2025 रोजी रुजू झाली, तिची अपेक्षित तारीख 20 नोव्हेंबर आहे आणि तिला 16 ऑक्टोबरपासून रजा हवी आहे. रविवार वगळता तिचे 87 दिवस भरतात, म्हणजे ती पात्र ठरते. मात्र मधल्या काळात तिने दहा दिवस बिनपगारी रजा घेतली असेल, तर 77 दिवसच उरतात. अशा वेळी तिने 16, 17 व 18 ऑक्टोबरला काम केल्यास 80 दिवस पूर्ण होतात. त्यामुळे अर्ज भरण्याआधी हजेरीपत्रक एकदा तपासून घ्यावे.

दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असल्यास 26 आठवडे भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास रजा 12 आठवड्यांची असते व प्रसूतीपूर्वीची मर्यादा 6 आठवडे आहे. आठवडे कॅलेंडरप्रमाणे मोजले जातात, म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या त्यातच येतात. वरील उदाहरणात पहिल्या अपत्यासाठी 16 ऑक्टोबरला सुरू झालेली रजा 15 एप्रिल 2026 रोजी संपेल. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत कोणत्याही महिलेला कामावर घेण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ‘मला बरे वाटते, मी लवकर येते’ अशी विनंती आम्ही मान्य करू शकत नाही.

रजेतील रक्कम आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनावरून ठरते. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गर्भधारणेचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळते, तर उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांच्या आत मिळते. कंपनी प्रसूतीपूर्व व प्रसूतिपश्चात मोफत वैद्यकीय सेवा देत नसल्याने 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनसही देय आहे. तो वेगळा मागावा लागत नाही. लेखी सूचना आधी देता आली नाही, तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर द्यावी. केवळ उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

गर्भपात झाल्यास पुरावा सादर केल्यावर त्यानंतरचे 6 आठवडे रजा मिळते. ही माहिती कोणालाही सहकाऱ्यांसमोर सांगावी लागू नये, म्हणून असा अर्ज पर्यवेक्षकाऐवजी थेट एचआरकडे बंद पाकिटात द्यावा. गर्भारपण, प्रसूती किंवा गर्भपातामुळे आजारपण आल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या आईला, तसेच सरोगसीद्वारे आई होणाऱ्या महिलेला, मूल ताब्यात आल्यापासून 12 आठवडे रजा आहे.

पितृत्व रजेबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. खासगी कारखान्यांना अशी रजा देणे कायद्याने बंधनकारक नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या नियमांनुसार 15 दिवस मिळतात. आपल्याकडे कलम 8 नुसार 10 कामाचे दिवस भरपगारी मिळतात, ते प्रोबेशन पूर्ण केलेल्यांनाच आणि पहिल्या दोन अपत्यांपुरते. बाळ जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत ही रजा एकदम किंवा दोन टप्प्यांत घ्यावी. न घेतलेले दिवस पुढे नेता येत नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. प्रोबेशनवरील वडिलांना किरकोळ रजा वापरावी लागेल. हे आम्हालाही अपुरे वाटते, पण आज नियम तसा आहे.

कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीशिवाय रोज दोन स्तनपान विराम मिळतात. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाता येते व तिची विश्रांतीची वेळ त्यातच धरली जाते. शिफ्टच्या वेळा ठरवताना पर्यवेक्षकांनी हे विराम आधीच धरावेत. प्रत्येक वेळी परवानगी मागायला लावू नये.