भिंतीला टेकलेली सायकल

फोटो तसा सहजच काढलेला. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावरनं परत येताना शुक्रवार पेठेतल्या एका चहाच्या दुकानात थांबलो, अर्धा चहा सांगितला, आणि बाहेर भिंतीला टेकवलेली एक काळी जुनी सायकल दिसली, ऊन नेमकं तिच्या हँडलवर आलेलं, म्हटलं चला, घ्या एक फोटो.

घरी येऊन मोठा करून बघितला आणि मग बघतच बसलो. सीटवर धुळीचा थर, फाटून आतला काथ्या बाहेर आलाय, स्प्रिंगमधी कोळ्यानं जाळं केलंय. कॅरिअरला दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या अडकवायचे लोखंडी हूक. चेन तर नाहीच! पण टायर दोन्ही टणक, हवा भरलेली, आणि हँडलच्या मुठी अशा गुळगुळीत की आजच कुणीतरी धरल्यात. बसत कुणी नाही मग हवा कशाला भरतात, हे काय डोक्यातनं जाईना.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दुकानवाल्या अण्णांना मोबाईलमधला फोटो दाखवला, ते हसले.

"मामांची हाय. चिखलीचे दूधवाले. चाळीस वर्सं रतीब घातलाय ह्या पेठंत. पहाटं शिवाजी पुलावरनं यायचे, पयला चहा हितं, मग घरं."

"मग सायकल इथं कशी?"

अण्णांनी दूध उतू जायला आलं तसा गॅस बारीक केला आणि भिंतीकडं हात केला. कंबरेच्या वर एक आडवी रेघ होती, खाली रंगाचे पापुद्रे सुटलेले, वर जरा बरा. "२०१९ चा पूर. आदल्या दिवशी मामा सायकल हितं लावून गेलते, पाणी वाढाय लागलंय, म्हशी हलवाय पायजेत म्हणून गडबडीत कुणाच्यातरी गाडीवरनं गेले. मला म्हणले, सायकल बघ रे. आणि रात्री पाणी आलं तवा मी शेगडी काढलो, सिलिंडर काढलो, भांडी काढलो. सायकल ऱ्हायली बघा."

पाणी उतरल्यावर ती गाळात आडवी सापडली म्हणे. अण्णांनी स्वतः धुतली, पण चेन गंजून काड झालेली, ती काढूनच टाकली. मामा आले, सायकलीकडं बघितलं, एक शब्द बोलले नाहीत, उलट अण्णांनाच विचारलं, तुझं काय काय गेलं रे. त्या पुरानंतर मामांनी म्हशी विकल्या. पोरगा एमआयडीसीत लागलाय.

"नवी चेन टाकून देतो म्हणलो, किती येळा म्हणलो. नगं म्हणत्यात." अण्णांचा आवाज खाली गेला. "म्हणून हवा तेवढी मी भरतो. रोज सकाळी, शटर उघडायच्या आधी."

मी अजून विचारणार होतो तेवढ्यात ते म्हणाले, थांबा, आत्ता येतीलच.

नऊ वाजायला आले असतील. केएमटीच्या स्टॉपकडनं एक म्हातारे चालत आले, पांढरी टोपी, धोतर, गुडघे दोन्ही बाहेर वाकलेले, दर चार पावलांना भिंतीला हात. बाकड्यावर बसले, बशीत ओतून चहा प्याले. मग उठून सायकलीपाशी गेले, डाव्या मुठीवर हात ठेवला, आणि खरं सांगतो, माणूस सरळ झाला. पाठ ताठ. सायकल भिंतीपासनं सुटली आणि तिच्या आधारानं ते निघाले, बारीक बारीक पावलं, पण भिंत नको आता.

न राहवून मी सोबत चालायला लागलो. म्हटलं, "मामा, काठी हलकी पडली नसती का?"

"काठी पोरानं आणलीया. घरात हाय." थोडं पुढं गेल्यावर स्वतःच बोलले, "काठी घिऊन आलो तर लोक बस म्हणत्यात, पाणी देत्यात. सायकल बघितली की इचारत्यात, मामा, उशीर झाला आज?"

आणि तसंच झालं. गंगावेशीच्या अलीकडं एका जुन्या घराच्या पायरीवर आजी बसलेल्या, पाय हलत नसावेत, जवळ पितळी पातेलं. "उशीर झाला आज," त्या म्हणाल्या. मामा थांबले. "पुलावर गर्दी हुती वैनी." आजींनी पातेलं जरा पुढं सरकवलं, आत काही नव्हतंच, आणि मामांनी कॅरिअरच्या रिकाम्या हुकावर हात ठेवून विचारलं, "किती घालू?"

"नेहमीचंच. एक लिटर."

मी मागंच थांबलो. मोबाईल खिशातच ठेवला.

परत आलो तेव्हा अण्णा कप विसळत होते. भिंतीवर सायकल टेकते त्या जागी, पुराच्या रेघेच्या जरा वर, हँडल घासून घासून एक चिंचोका मावेल एवढा खड्डा पडलाय. काल फोटोत तो हँडलमागं झाकलेला. शेजारी हवेचा पंप उभा होता.