ओजसच्या तबल्याबद्दल थोडं

नमस्कार ओजसचे आई-बाबा,

क्लासच्या दारात दोन मिनिटांत नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितोय. दिवाळीनंतर ओजस यायला लागला त्याला आता आठ महिने झाले. आधी चांगलं सांगतो, पोराचा कान फार छान आहे, मी बोललेला बोल एकदा ऐकला की जसाच्या तसा म्हणून दाखवतो, आणि उजव्या हाताचा 'ना' आता स्वच्छ वाजायला लागलाय. दादरा, केरवा पक्के झालेत.

तीनतालात मात्र एक गोची आहे. दहाव्या मात्रेला डग्गा बंद होतो तो चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला परत उघडायचा असतो, आणि ओजस तो उघडायचाच विसरतो, मग पुढचं सगळं पोकळ वाजतं. डावं मनगट पण अजून ताठ आहे. आणि दुगुन सुरू केली की लय पळते, कारण घरी पटकन वाजवलं की सगळे टाळ्या वाजवतात असं तोच मला सांगत होता 😀 रागवू नका, पण त्या टाळ्या थोडे दिवस बंद ठेवा.

घरी रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. रविवारी दोन तास बसवून आठवडा भरून निघत नाही हो. पहिली पाच मिनिटं तबल्याला हात न लावता पढंत, म्हणजे तोंडाने बोल आणि हाताने टाळी-खाली, ही रिक्षात बसून पण होते. मग मोबाईलवर मेट्रोनोम ६० वर लावून तीनतालाचा ठेका, फक्त ठाय. उरलेला वेळ 'धा धा ते टे धा धा तू ना' हा कायदा, तोही हळूच. आई, तुम्हाला तबला येत नाही म्हणालात ना, काही अडत नाही, चौदावी मात्रा मोजून तेवढा डग्गा घुमतोय का एवढंच ऐका.

पावसाळा आहे, तबला खिडकीपाशी नको, वाजवून झालं की झाकून ठेवा. चाट उतरली तर हातोडी त्याच्या हातात देऊ नका, क्लासला घेऊन या, मी लावून देतो.

सोसायटीच्या गणपतीत वाजवू दे का असं बाबांनी विचारलं होतं. भजनाला केरवा धरायला बसवा की, मजा येईल त्याला. सोलो मात्र यंदा नको. प्रारंभिकच्या परीक्षेला नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात बसवायचं माझ्या मनात आहे, पण डग्गा सुटला तरच, नाहीतर एप्रिल-मे आहेच.

मंगळवारी वही द्यायला विसरू नका, मागच्या वेळी घरीच राहिली होती.

तुमचा,
तबल्याचा सर